मी 'राव' लावलेली नावं

एखाद्या जुन्या शाळेच्या वहीत तुमच्या आजोबांचं नाव अपमान करून लिहिलेलं तुमच्या समोर आलं, आणि ते बदलायला दोन कळा दाबणं पुरेसं असेल, आणि खोलीत दुसरं कोणी नसेल, तर तुम्ही काय कराल?

मी काय केलं ते सांगते.

नारायणगावच्या बाजारपेठेत एका शेठजींचं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले, पण शेठजींचं मराठी माझ्यापेक्षा ठसठशीत. दुकानाच्या वरच्या खोलीत चार कॉम्प्युटर आणि एक उभा स्कॅनर. पुण्याच्या एका कंपनीनं जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यातल्या काही शाळांची जुनी जनरल रजिस्टरं स्कॅन करायचं काम घेतलं होतं, आणि त्यातला एक तुकडा शेठजींना दिला होता. जनरल रजिस्टर म्हणजे शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाची नोंद: नाव, वडिलांचं नाव, जात, जन्मतारीख, कधी आला, कधी गेला. पन्नास सालाआधीची अशी एक ओळ सापडली तर आज एखाद्याच्या जातीच्या दाखल्याची पडताळणी पार पडते. न सापडली तर अडकते.

माझं काम त्या पानांवरची नावं उतरवण्याचं. पडद्यावर डावीकडं पानाची प्रतिमा, उजवीकडं रकाने. पहिल्या रकान्यात नाव देवनागरीत, प्रतिमेत आहे तसं. शेजारच्या रकान्यात तेच नाव रोमन अक्षरांत. प्रतिमा वाचणारा एक प्रोग्राम होता. तो पहिला रकाना आपला आपण भरायचा आणि आम्ही तपासायचो. दुसरा रकाना पहिल्यावरून भरला जायचा, एका ठरलेल्या तक्त्याप्रमाणं. 'व' आला की v, कधीच w नाही. दीर्घ 'ई'ला सुद्धा i, दोन e नाहीत. 'ज्ञ'ला dny. शेवटच्या अक्षरातला न उच्चारलेला 'अ' लिहायचा नाही. एकाच देवनागरी नावाचं रोमन रूप सगळ्या गावांत, सगळ्या पानांवर एकच यायला हवं. नाहीतर शोधणाऱ्यानं एक स्पेलिंग टाकायचं आणि नोंद दुसऱ्या स्पेलिंगखाली पडून राहायची.

कंपनीच्या बाईंनी पहिल्या दिवशी फोनवर तीन गोष्टी सांगितल्या होत्या. प्रतिमेत आहे तेच लिहा. वाचता आलं नाही तर अंदाज करू नका, शंकेच्या रकान्यात खूण करा. आणि घरचे लोक आज नाव कसं लिहितात ते आपल्याला माहीत असलं तरी इथं आणू नका.

"म्हणजे चुकीचं असलं तरी?" मी विचारलं.

"चूक-बरोबर ठरवायला आपण बसलेलो नाही, मॅडम."

मी 'हो' म्हटलं. त्या 'हो'ला काही अर्थ नव्हता.

माझे वडील पत्रकं काढायचे. अवसरी बुद्रुकच्या अलीकडं आमची वस्ती आहे, तिथं घरात भाताच्या पातेल्याखाली सुद्धा पत्रकच असायचं. पाणवठ्याचं, स्मशानाच्या रस्त्याचं, शिष्यवृत्तीचं. अक्षरओळख मला त्या पत्रकांवरूनच झाली. आणि त्या सगळ्या पत्रकांत एक वाक्य कुठं ना कुठं असायचंच, की माणसाला त्याच्या पूर्ण नावानं हाक मारा.

तर असं वाढलेल्या मुलीपुढं ते पान आलं.

एकच पान, एकच शाई, एकाच गुरुजींचा हात. वरच्या ओळीत पाटलाचा मुलगा, नावापुढं 'राव', वडिलांच्या नावापुढंही 'राव'. वय वर्षं सहा. त्याच्याखाली दोन ओळी सोडून आमच्यातला एक मुलगा. जातीच्या रकान्यात आमची जुनी जात. नावाच्या शेवटी 'या'. वडिलांच्या नावाच्या शेवटीही 'या'. कुत्र्याला हाक मारावी तसं. पुढची पानं उलटली तर वस्तीतली सगळी मुलं तशीच, 'या', 'या', 'या', ओळीनं. प्रोग्रामनं प्रत्येक 'या' अगदी नीट वाचला होता.

मी तो खोडला आणि 'राव' लिहिलं. शेजारच्या रकान्यातलं -ya गेलं आणि -rav आलं, तक्त्याप्रमाणं, बिनचूक. मला हाताला गार पाणी लागल्यासारखं बरं वाटलं. मग दुसऱ्या नावाला. मग तिसऱ्या. काही नावांना 'राव' शोभत नव्हतं तिथं 'बा' लावलं, 'जी' लावलं. कोणतं नाव बदललं याची नोंद मी ठेवली नाही. प्रोग्रामही ठेवत नव्हता, शेवटी जे जतन केलं तेवढंच त्याला माहीत. आणि पानावरच्या पहिल्या रोमन नावावरून प्रतिमेच्या फाइलचं नाव तयार व्हायचं, याकडं मी लक्षही दिलं नाही.

चहाला खाली उतरले तर शेठजी म्हणाले, "ताई, आज लई खुशीत दिसताय राव! लग्नबिग्न ठरलं का काय?"

"रजिस्टर सुधारतेय, काका."

"सुधारा, सुधारा," ते म्हणाले आणि एका गिऱ्हाइकाला आधारकार्डाची झेरॉक्स दिली.

असं चार महिने चाललं. काम संपलं, नावांची अनुक्रमणिका सरकारी पोर्टलवर चढली. प्रतिमा मागाहून चढणार होत्या. मी महाळुंगे पडवळच्या एका शिकवणीत मराठी शिकवायला लागले आणि हे सगळं विसरले.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी एक मुलगी माझ्या घरी आली. सोबत तिचे आजोबा, पंच्याऐंशीच्या पुढचे, पांढरी टोपी, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात प्लास्टिकची पिशवी. शेठजींनी माझा पत्ता दिला होता. मुलीला नर्सिंगच्या पदवीला राखीव जागेतून प्रवेश मिळाला होता, पण जातीचं वैधता प्रमाणपत्र ठरल्या तारखेच्या आत दिलं तरच. घरात या पायरीपर्यंत पोचलेली ती पहिली. तिनं पिशवीतून एक कागद काढून माझ्यासमोर धरला. पडताळणी समितीची नोटीस होती.

"ताई, हे वाचा. मला वाचताना चक्करच येते."

नोटिशीत होतं ते असं. अर्जदारानं आजोबांचा शाळा सोडल्याचा जुना दाखला जोडला आहे. त्या दाखल्यावर आजोबांचं आणि त्यांच्या वडिलांचं जे नाव आहे, ते शाळेच्या रजिस्टरच्या अनुक्रमणिकेत आढळत नाही. त्याच जन्मतारखेची एक नोंद आहे, पण नावं वेगळी आहेत. सबब दाखला बनावट असल्याचा संशय आहे. दक्षता पथक चौकशी करील. खुलासा समाधानकारक न वाटल्यास प्रस्ताव फेटाळून फौजदारी कारवाईची शिफारस का करू नये.

मी पिशवीतला दाखला हातात घेतला. घडीवर फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेला. नावाच्या शेवटी 'या'. वडिलांच्या नावाच्या शेवटी 'या'.

 मला ते पान आठवलं. पाटलाचा मुलगा, मग दोन ओळी सोडून हा.

हा म्हणजे समोर पडवीत बसलेला म्हातारा.

"पोलीस आलं व्हतं," आजोबा म्हणाले. "म्हंजी पोलिसावाणीच. जीप घिऊन. शेजारच्याला इचारलं, हा म्हातारा खरंच हितलाच हाय का. सत्तर वरसं शेजार हाय आमचा. त्यो बी दचाकला. म्हनला, हाय बाबा, हितलाच हाय. पर नाव सांगताना अडाकला. त्याला ठावं व्हतं का माझं शाळंतलं नाव! मला समदी नानाच म्हनत्यात."

"आजोबा," मी म्हणाले, "ते नाव मी बदललं."

 आजोबांना ऐकू आलं नसेल असं वाटून मी पुन्हा, मोठ्यानं सांगितलं. कसं, का, तेही सांगितलं. 'या' बघून मला राग आला होता हेही सांगितलं.

त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"तुला कुनी सांगितलं व्हतं का गं?"

"नाही."

"माझं नाव. माझ्या बापाचं नाव. मला इचारलं तरी असतंस." मग टोपी परत डोक्यावर ठेवत, "मास्तर माजलेला व्हता. त्यानं लिवलं ती त्याची घाण. पर त्या घाणीतच नातीचा कागद हाय ना आता. तू धुतलंस आन कागद गेला वाहून."

मुलगी रडत नव्हती. ती तारखा मोजत होती. "सतरा दिवस आहेत, ताई."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी नारायणगावला शेठजींकडं गेलो. मी त्यांना सांगितलं की मला लेखी जबाब द्यायचा आहे, की प्रतिमेत एक नाव होतं आणि मी दुसरं लिहिलं. शेठजींचा चेहरा उतरला.

"ताई, तुम्ही लिहून दिलं की कंपनी मला काळ्या यादीत टाकते. आणि तुमच्यावर पण केस. सरकारी रेकॉर्ड हाय ते."

"मग हिच्यावर होऊ दे का केस?"

"असं कुठं म्हणतोय मी!" त्यांनी मुलीकडं बघितलं, मग गल्ल्यावरच्या तसबिरीकडं, मग परत मुलीकडं. "तुम्हाला माझ्या दुकानात बसून रजिस्टर सुधारायचं कुणी सांगितलं व्हतं हो? मला वाटलं, धूळबीळ काढताय!"

तरी त्यांनी वरच्या खोलीची किल्ली दिली.

प्रतिमांच्या प्रती त्या कॉम्प्युटरवर होत्या, पण सगळ्या नव्हत्या. सुरवातीच्या दोन गावांच्या फाइली जागा हवी म्हणून कधीच पुसल्या होत्या, त्यांची डिस्क कंपनीकडं गेली होती. कंपनीचा नंबर लागत नव्हता. मी बाईंना किती वेळा फोन केला असेल! प्रत्येक वेळी तोच रेकॉर्ड केलेला आवाज. नशीब एवढंच, की आजोबांचं गाव तिसरं होतं.

फाइलच्या नावावरून काही सापडणार नव्हतं, कारण ते पानावरच्या पहिल्या मुलाचं, आणि त्यातलीही कित्येक माझ्याच -rav वरून झालेली. आम्ही पान पान उघडत गेलो. खिडकीखाली बाजाराचा गोंगाट, स्कॅनरवर धूळ. दुपारी वीज गेली, तासाभरानं आली. मुलगी प्रत्येक पानावर जन्मतारीख शोधत होती, मी नाव. पाचच्या सुमाराला तिनं माझा दंड धरला.

"हे बघा."

ते होतं. शाई फिकट, पण 'या'ची दांडी स्पष्ट. खाली वडिलांचं नाव, तसंच. जात, जन्मतारीख, दाखल्याशी जुळणारा अनुक्रमांक. आणि पोर्टलवर त्याच अनुक्रमांकासमोर माझं सुधारलेलं नाव, देवनागरीत आणि शेजारी रोमनमध्ये, दोन्ही एकमेकांशी तंतोतंत जुळणारी. बाहेरच्या माणसाला संशय येण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. दोन्ही रकाने एकमेकांची साक्ष देत होते, आणि दोन्ही माझ्या हातचे होते.

तिथंच बसून मी जबाब लिहिला. प्रतिमेचा क्रमांक. प्रतिमेत आहे तसं देवनागरी नाव. त्याच्याशेजारी तक्त्याप्रमाणं रोमन. मग मी चुकीनं भरलेलं नाव, तेही लपवलं नाही. मुलीच्या आधारवर आडनावात w होता आणि तक्त्याप्रमाणं v यायचा. पूर्वीची मी असते तर दोन्ही एक करून टाकलं असतं. आता मी तो शेवटच्या वेगळ्या रकान्यात ठेवला, 'अर्जदार सध्या असे लिहितात' म्हणून. कोण कसं लिहितं आणि वहीत काय आहे, या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवता येतात. एक दुसरीवर चढवायची गरज नसते.

सुनावणी पुण्याला होती. समितीतल्या अधिकारी बाईंनी जबाब दोनदा वाचला. मूळ रजिस्टर त्यांनी आधीच शाळेतून मागवलं होतं, ते टेबलावर लाल फडक्यात गुंडाळलेलं होतं. त्यांनी पान उघडलं, माझी प्रतिमा शेजारी ठेवली, बोटानं ओळ धरली. आजोबा उभे होते, बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"हे तुमचंच नाव का?" बाईंनी विचारलं, आणि वहीत होतं तसंच ते मोठ्यानं उच्चारलं.

 माझी मान खाली गेली.

"व्हय बाई," आजोबा म्हणाले. "शाळंत हेच लिवलंय. माझंच हाय."

बाईंनी त्या ओळीवर कागदाची चिठ्ठी ठेवली. मग त्यांनी मला विचारलं, "अशी किती नावं बदललीत तुम्ही?"

"माहीत नाही."

"अंदाजे?"

"अंदाज करू नये, असं आम्हाला सांगितलं होतं," मी म्हणाले, आणि ऐकताना मलाच ते उद्धट वाटलं. मग सरळ सांगितलं. "आमच्या वस्त्यांतली बहुतेक सगळी. पाच गावं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे या पाच गावांतली तुमच्या लोकांची एकही नोंद मला धरता येत नाही. कुणीही अर्ज केला की दाखला एक सांगणार आणि अनुक्रमणिका दुसरं. प्रत्येकाच्या दारात जीप जाणार. कळतंय का तुम्हाला?"

मला कळलं होतं. त्या क्षणी नाही, पडवीत आजोबांनी शेजाऱ्याचं सांगितलं तेव्हाच. पाटलांच्या पोराची नोंद मी जशीच्या तशी ठेवली होती. ती आज, उद्या, कधीही सापडेल. सापडणार नाहीत ती फक्त आमची. गुरुजींनी 'या' लावून माणूस खाली ओढला होता, पण वहीत ठेवला होता. मी 'राव' लावून तो वहीतून काढून टाकला.

मुलीला वैधता मिळाली. मूळ रजिस्टर आलं म्हणून मिळाली, मुदतीच्या आदल्या दिवशी. ती आता कॉलेजच्या वसतिगृहात राहते, महिन्यातून एकदा मेसेज करते. आजोबा माझ्याशी बोलतात, पण पूर्वी न पाहिलेल्या माणसाशी बोलावं इतकंच.

शेठजींचं काम गेलं. मी खाली मान घालून गेले तर म्हणाले, "जाऊ द्या. झेरॉक्स तरी आहे तसंच काढतं." ते हसले. मला हसता आलं नाही.

समितीनं कंपनीला पत्र पाठवलं. तीन गावांच्या प्रतिमा माझ्याकडं होत्या, त्या मी शिकवणी सुटल्यावर रोज वरच्या खोलीत बसून पुन्हा तपासल्या. प्रत्येक ओळ. प्रतिमेत आहे तसं, शेजारी तक्त्याप्रमाणं रोमन, शंका असेल तिथं शंका. एका नावाचं शेवटचं अक्षर वाळवीनं खाल्लेलं होतं. मला ते काय असणार हे पक्कं ठाऊक होतं, मी त्याच घरात जेवले आहे. तरी खूण केली आणि सोडून दिलं. ती तीन गावांची दुरुस्ती यादी समितीकडं पोचली आहे.

उरली ती पहिली दोन गावं. त्यांच्या प्रतिमा माझ्याकडं नाहीत, कंपनी उत्तर देत नाही, आणि पोर्टलवर प्रतिमा अजून चढलेल्या नाहीत, माझी सुधारलेली नावं मात्र तशीच आहेत. मध्ये एका शाळेत गेले, तर खोली पाडून नवी बांधायचं चाललंय. जुनी कपाटं व्हरांड्यात, पावसाची झड थेट त्यांच्यावर. मुख्याध्यापक रजेवर. शिपाईमामा म्हणाले, "रद्दीचं बघायला माणूस येनार हाय. तुमी त्यातल्याच का?"

त्या दोन गावांची नावं मी इथं लिहीत नाही. लिहिली तर तिथल्या घरांवर आधीच बोट ठेवल्यासारखं होईल. पण त्या शाळांत कोण शिकलं हे घराघरांत माहीत असतं. तुम्ही जुन्नर किंवा आंबेगाव तालुक्यातल्या आमच्या कुठल्याही वस्तीतले असाल, तर या आठवड्यात, मुलांच्या प्रवेशाची वाट न बघता, आजोबांच्या शाळेत जा. मुख्याध्यापकांना जनरल रजिस्टर उघडायला सांगा. त्या पानाचा फोटो काढा, चारही कोपरे आणि अनुक्रमांक दिसेल असा. पोर्टलवरच्या नावाशी तो पडताळा, देवनागरी आणि रोमन दोन्ही. शेवटी 'राव', 'बा' किंवा 'जी' असेल आणि वहीत नसेल, तर तो माझा हात आहे. वहीतलं नाव आहे तसं लिहून दुरुस्तीचा अर्ज समितीकडं द्या, आणि चूक कोणी केली असं विचारलं तर ती नोंदी उतरवणाऱ्या बाईनं केली, तिचा लेखी जबाब समितीकडं आहे, असं सांगा. आणि शाळेतली कपाटं व्हरांड्यात दिसली, तर अर्ज नंतर करा, आधी ती आत उचलून न्या.